फोन इंग्रजी केला, तरी कानावर हिंदीच? या चुका टाळा

माझी भाची खानापूर तालुक्यात मराठी शाळेत दहावीला आहे. इंग्रजी सुधारावं म्हणून दिवाळीत तिनं फोनची भाषा इंग्रजी केली. दीड महिन्यानं विचारलं तर म्हणाली, "मामा, Share आणि Delete सोडून नवीन काय कळलंच नाही की!"

बहुतेकांचं इथंच चुकतं. मेनूतले शब्द मोजकेच असतात आणि चार दिवसांत बोट सवयीनं जागेवर जातं, शब्द वाचलाच जात नाही. यूट्यूबवर समोर काय येणार, हे मात्र मुख्यतः आपण आधी काय पाहिलं यावरून ठरतं. त्यामुळे तिच्याकडं मेनू इंग्रजी झाला, पण व्हिडिओ पूर्वीसारखेच मराठी, कन्नड आणि हिंदी येत राहिले.

तिला भरतकामाची आवड. म्हणून आम्ही `hand embroidery for beginners` असं शोधलं, पाच-सहा व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिले आणि तीन चॅनेल सबस्क्राइब केले. नको असलेला व्हिडिओ आला की तीन टिंबांवर दाबून Not interested. आठवड्याभरात समोरची यादी बदलली, पण दोन दिवसांत परत भजनं सुरू! घरात फोन एकच, दुपारी आजी त्याच खात्यावर भजनं ऐकते. आजीला का अडवायचं? भाचीसाठी दुसरं गुगल खातं काढलं. आता यूट्यूबमध्ये आपल्या फोटोवर दाबून खातं बदलायचं, एवढंच काम.

आणखी एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. बाई इंग्रजीत बोलते आहे, पण आवाज आणि ओठ जुळत नाहीत, हिंदी ऐकू येतंय. असं झालं तर यूट्यूबनं डब केलेला आवाज लावलेला असतो. व्हिडिओवरच्या गिअरच्या चिन्हात Audio track उघडून मूळ इंग्रजी निवडा. खालची अक्षरंही इंग्रजीच ठेवा. मराठी किंवा हिंदी ठेवली की डोळे तीच वाचतात आणि कान सुस्तावतात.

व्हिडिओ झेपतोय का, हे असं बघा: एक मिनिट आवाज बंद ठेवून पाहा, मग तोच भाग आवाजासह. हात काय करतायत हे दिसल्यावर needle, thread, pull through हे शब्द ओळखू आले तर ठीक. नुसता गलका वाटला तर अजून सोपा व्हिडिओ घ्या. नुसती बोलणारी माणसं सुरुवातीला नकोच.

पैशांचं ॲप मात्र या प्रयोगात ओढू नका. न अडखळता वाचता येईल त्याच भाषेत ते राहू दे. यूपीआय पिन पैसे देताना टाकायचा असतो, घेताना कधीच नाही. पण समोरची ओळच कळली नाही तर माणूस घाईत पिन टाकून मोकळा होतो. अँड्रॉइड 13 पासून पुढच्या फोनमध्ये प्रत्येक ॲपची भाषा वेगळी ठेवता येते. Settings मध्ये वर `App languages` असं शोधा. सगळी ॲप त्या यादीत नसतात. तिथं नसलं तर त्या ॲपच्या आतली भाषेची सोय बघा. तिथंही नसेल, तर फोन मराठीतच ठेवून फक्त यूट्यूब इंग्रजी करा. आम्ही शेवटी तेच केलं.