पाहुण्या उद्योजिकेचा परिचय करून देताना या चुका टाळा

लघुउद्योजक संघटनेच्या बैठकीला बाहेरगावाहून एखादी उद्योजिका व्याख्यानासाठी येते, तेव्हा तिचा परिचय करून देण्याची जबाबदारी बहुधा आयत्या वेळी एखाद्या सभासदाच्या गळ्यात पडते. मग तो पाहुण्यांनी पाठवलेला माहितीचा कागद वरपासून खालपर्यंत वाचतो, मध्ये दोन-चार विशेषणे घालतो आणि मोकळा होतो. हा कागद वाचण्यासाठी लिहिलेला असतो, ऐकण्यासाठी नव्हे, आणि बहुतेक चुकांचे मूळ तिथेच आहे. समोर बसलेल्या सभासदाला एवढेच कळायला हवे असते की पुढचा अर्धा तास याच व्यक्तीचे, याच विषयावर आपण का ऐकायचे.

एक उदाहरण घेऊ. समजा, पाहुण्या पुठ्ठ्याची खोकी तयार करणारा कारखाना चालवतात आणि त्यांचा विषय आहे ‘मोठ्या ग्राहकांकडे अडकलेली येणी’. सभासदाने केलेला परिचय साधारण असा असतो: “आजच्या पाहुण्यांना परिचयाची गरजच नाही. दोन मुलांचे संगोपन आणि घरची सगळी जबाबदारी सांभाळून, एक स्त्री असूनही, त्यांनी शून्यातून हे साम्राज्य उभे केले. त्यांना अनेक पुरस्कार मिळाले आहेत. एकदा तर त्यांनी आपल्या सर्वांत मोठ्या ग्राहकाचा मालच रोखून धरला आणि तीन महिन्यांची थकबाकी आठवड्यात वसूल केली!”

यातले पहिले वाक्य तर सोडूनच द्यावे, कारण परिचयाची गरज नसेल तर परिचय करणारा उभा कशाला राहिला? खरे नुकसान शेवटच्या वाक्याने झाले आहे. माल रोखून धरल्याचा प्रसंग हा पाहुण्यांच्या भाषणाचा कणा असण्याची दाट शक्यता आहे. त्यांनी तो मोठ्या ग्राहकाशी झालेल्या बोलण्यापासून हळूहळू उलगडायचे ठरवलेले असते, आणि शेवट श्रोत्यांना आधीच सांगून झालेला असतो. पाहुण्यांचे एखादे जुने भाषण किंवा मुलाखत पाहून तयारी करणाऱ्यांच्या हातून ही चूक हमखास होते, कारण तिथला सगळ्यांत रंगलेला प्रसंगच त्यांच्या लक्षात राहतो. वक्त्याकडे उत्तर आहे एवढेच परिचयात सुचवावे, ते उत्तर काय आहे हे सांगू नये.

‘शून्यातून उभे केले’ हेही तपासून घ्यायला हवे. आपल्या उदाहरणातला कारखाना पाहुण्यांच्या वडिलांनी सुरू केला असेल आणि कर्ज डोक्यावर असताना त्यांनी तो हाती घेतला असेल, तर ती गोष्ट अधिक मोलाची आहे. पण परिचयकर्त्याने त्यांना संस्थापक ठरवल्यामुळे त्यांच्यापुढे दोनच वाटा उरतात. एक तर भाषणाची सुरुवात दुरुस्तीने करायची, नाही तर चुकीचे श्रेय गप्प बसून पदरात घ्यायचे, आणि तेही सभेत माहीतगार माणसे बसलेली असताना. संस्थापक, मालक, भागीदार आणि संचालक ही पदे परस्परांच्या जागी वापरता येत नाहीत. भागीदारीतल्या व्यक्तीला ‘मालक’ म्हटले, तर समोर बसलेल्या तिच्या भागीदारालाही ते खटकेल.

आता ‘स्त्री असूनही’ आणि ‘घर सांभाळून’. बोलणाऱ्याचा हेतू कौतुकाचाच असतो, पण ऐकणाऱ्याला त्यातून असे कळते की हा व्यवसाय चांगला चालला याचे आम्हाला आश्चर्य वाटते. यासाठी एक सोपी कसोटी आहे: हेच वाक्य पुरुष पाहुण्याविषयी म्हटले असते का? नसेल तर ते खोडावे. याला अपवाद आहे. पाहुण्या स्वतःच कुटुंब आणि कारखाना यांच्या ओढाताणीविषयी बोलणार असतील, किंवा त्यांनी फक्त महिला कामगारांना घेऊन कारखाना उभा केला असेल, तर तो भाग विषयातच मोडतो आणि परिचयात आला तरी चालतो. वैधव्य, घटस्फोट, आजारपण, कर्जबाजारीपण यांचा उल्लेख मात्र त्यांनी स्पष्टपणे ‘सांगा’ म्हटल्याशिवाय करू नये. नावाआधी ‘सौ.’ किंवा ‘श्रीमती’ लावण्याच्या बाबतीतही अंदाज बांधू नये. नुसते पूर्ण नाव आदरार्थी क्रियापदासह घेतले की पुरते. ‘ताई’ म्हणायचे की ‘मॅडम’, हेही त्यांनाच विचारावे. संघटनेतल्या सभासदाला ‘ताई’ म्हणणे आपुलकीचे वाटते, पण प्रथमच आलेल्या पाहुण्यांना ते भर सभेत रुचेलच असे नाही.

हे सगळे टाळण्यासाठी दोन-तीन दिवस आधी केलेला दहा मिनिटांचा एक फोन पुरतो. नावाचा आणि आडनावाचा उच्चार, सध्याचे नेमके पद, भाषणातला मुख्य मुद्दा आणि उलाढालीसारखा कोणता आकडा जाहीरपणे सांगितलेला चालेल, एवढे विचारून घ्यावे. शेवटी हेही विचारावे की, “मी कोणती गोष्ट बोलू नये?” या प्रश्नाचे उत्तर बहुधा सगळ्यांत उपयोगी ठरते. मग परिचय लिहून काढावा, त्यांना वाचून दाखवावा आणि घड्याळ लावून एकदा मोठ्याने वाचून पाहावा. शांतपणे बोलल्यास मिनिटाला साधारण १०० ते १२० शब्द होतात, त्यामुळे दोन मिनिटांच्या परिचयासाठी दोनशे शब्दांचा मजकूर भरपूर झाला.

कर्जाचा उल्लेख करायला पाहुण्यांनी ‘सांगा’ म्हटले आहे असे धरू. मग वरच्या उदाहरणातला परिचय दुरुस्त केल्यावर असा होईल: “आपल्यापैकी बहुतेकांच्या वहीत एक तरी ग्राहक असा आहे, जो माल वेळेवर मागतो आणि पैसे मात्र सवडीने देतो. त्याला दुखवावे तर काम जाते, न दुखवावे तर पगाराच्या दिवशी अडचण होते. आजच्या वक्त्या हीच कोंडी रोज हाताळतात. पुठ्ठ्याची खोकी तयार करणारा, वडिलांनी सुरू केलेला कारखाना त्यांनी कर्जासह हाती घेतला आणि आज त्या त्याच्या संचालक आहेत. त्यांचे बहुतेक ग्राहक त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठे आहेत, तरीही येणी वेळेवर येतील अशी पद्धत त्यांनी बसवली आहे. ती कशी, हे त्यांच्याकडूनच ऐकू या.” यापुढे फक्त नाव घ्यायचे, तेही स्पष्ट आणि पूर्ण. पुरस्कारांची यादी गाळल्याने काही बिघडत नाही. एखादा पुरस्कार याच विषयाशी जोडलेला असेल, तर तेवढा ठेवावा.

तयारी असूनही प्रत्यक्षात काही गोष्टी घसरतात. अध्यक्षांनी प्रास्ताविकातच पाहुण्यांची निम्मी माहिती सांगून टाकली, तर ती पुन्हा सांगू नये. अडचणीचे पहिले वाक्य, विषय आणि नाव एवढ्यावर उरकावे. पाहुण्यांना उशीर होत असेल, तर परिचय लांबवून वेळ काढण्याऐवजी कार्यक्रमातला दुसरा विषय आधी घ्यावा, कारण रिकाम्या खुर्चीचा परिचय पाहुण्या आल्यावर पुन्हा करावा लागतो. नाव किंवा पद चुकले आणि पाहुण्यांनी जागेवरून मान हलवली, तर थांबावे, त्यांच्याकडे वळून बरोबर उल्लेख करावा आणि पुढे जावे. क्षमायाचना लांबवली की श्रोत्यांच्या लक्षात चूकच राहते. नाव घेतल्यावर स्वतः टाळी सुरू करावी आणि पाहुण्या पोहोचेपर्यंत ध्वनिक्षेपकापाशीच थांबावे. त्याची उंची त्यांच्या मापाची करून द्यावी आणि मगच खाली यावे. नाही तर भाषणाची पहिली काही वाक्ये दांडा वरखाली करण्यातच जातात.