बोलून टाइप केलेला मेसेज टोचला, तर आधी हे करा

बहिणीचा मेसेज येतो: ‘आईला गोळी दिली नाहीस’. वाचताना आरोप वाटतो. बरेचदा तो साधा प्रश्न असतो. बोलताना आपण ‘का’ गाळून नुसता शेवटी आवाज चढवतो. व्हॉइस टायपिंग शब्द पकडतं, चढलेला सूर सोडून देतं आणि प्रश्नचिन्हही बहुधा टाकत नाही.

१. मेसेज मोठ्याने वाचा, शेवटी प्रश्नचिन्ह आहे असं धरून. अर्थ सरळ लागला, तर प्रश्न समजूनच उत्तर द्या: ‘दिली, नऊ वाजता.’

२. नाही लागला, तर मध्ये स्वल्पविराम घालून पाहा. ‘नको थांबू’ हे मुळात ‘नको, थांब’ असू शकतं. मधली उसंत गेली की यंत्र ओळखीची जोडी जुळवतं आणि अर्थ थेट उलटा होतो.

३. तरीही खटकलं, तर तेवढाच शब्द परत विचारा: ‘थांबू की निघू?’ पण ‘असं का बोललीस?’ विचारलंत की भांडण सुरू झालंच म्हणून समजा.

पाठवणाऱ्याने प्रश्नात ‘का’ स्पष्ट उच्चारावा, म्हणजे निम्मा घोळ तिथेच मिटतो.

मात्र आकडा असेल तिथे अंदाज नको. एकोणसाठ आणि एकोणसत्तर कानाला जवळजवळ सारखेच. औषधाचं प्रमाण, पैसे, गाडीची वेळ हे फोन करूनच पक्कं करा, आणि आकडा सुटा सुटा बोला: ‘पाच नऊ’.