गिफ्ट आलेलं हायड्रेंजिया दोन दिवसांत माना टाकतंय? या चुका टाळा

फेब्रुवारीत आमच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत झाली तेव्हा एका मैत्रिणीने निळं हायड्रेंजिया आणलं होतं, सहा इंची कुंडी, बाहेरून सोनेरी फॉइल, वर रिबीन, आणि फुलांचे चार झुपके एवढे मोठे की येणारा प्रत्येक पाहुणा आधी तिकडे बघायचा आणि मग आमच्याकडे. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर सगळ्या फुलांनी माना टाकलेल्या, पानं ओल्या फडक्यासारखी लोंबतायत. मी काय केलं असेल? तांब्याभर पाणी ओतलं. संध्याकाळी अजून एक तांब्या. आणि इथेच माझं चुकलं, कारण झाड लोंबलंय म्हणजे तहान लागलीय असं आपण धरून चालतो आणि हायड्रेंजिया तहान लागली तरी लोंबतं, मुळं बुडाली तरी लोंबतं आणि नुसतं ऊन जास्त झालं तरी लोंबतं. तिन्ही वेळी दिसायला सेम टू सेम.

पाणी घालायच्या आधी कुंडी उचला

बोट मातीत घालून बघा असं सगळे सांगतात, पण या गिफ्टवाल्या कुंड्यांत माती जवळजवळ नसतेच, कोकोपीट किंवा पीट असतं, वरून कोरडं आणि खाली चिखल किंवा अगदी उलटं, वर ओलं आणि मधला गोळा ठणठणीत कोरडा. त्यामुळे बोटावर विश्वास ठेवू नका, वजनावर ठेवा. मी नंतर किचनचा वजनकाटाच वापरायला लागले. माझी सहा इंची प्लॅस्टिकची कुंडी पोटभर पाणी प्यायलेली असली की साधारण 1400 ग्रॅम भरायची आणि झाड लोंबायच्या बेताला यायची तेव्हा 700 च्या आसपास. तुमचे आकडे वेगळे येतील, पण दोन-चार दिवस उचलून बघितलं की हातालाच कळतं, काटा लागत नाही.

हलकी लागली तर तहान आहे. पण तेव्हाही वरून पाणी ओतून भागत नाही, कारण कोकोपीट कोरडं पडलं की आकसतं आणि पीट तर पाणी चक्क झिडकारतं, मग पाणी कुंडीच्या कडेकडेने खाली निघून जातं, तुम्हाला वाटतं मस्त पाणी दिलं, खालून बाहेर पण आलं, आणि मधला मुळांचा गोळा कोरडाच. अशा वेळी बादलीत कुंडीच्या कडेच्या जरा खालपर्यंत पाणी घ्यायचं आणि कुंडी त्यात ठेवून द्यायची, आधी ती तरंगेल, बुडबुडे येतील, हाताने थोडा वेळ दाबून धरायची. अर्ध्या तासात बुडबुडे थांबतात. मग बाहेर काढून पंधरा-वीस मिनिटं निथळू द्यायची आणि सावलीत ठेवायची. दोन-चार तासांत पानं उभी राहायला लागतात. कडा कुरकुरीत झालेली पानं मात्र परत येत नाहीत, ती काढून टाका.

आणि जड लागली तर? माझी जड होती. फॉइल काढलं तर आत दोन बोटं पाणी साठलेलं, वास मारणारं. कुंडीला खाली भोकं होती पण फॉइलला कुठे असतात, त्यामुळे मी ओतलेला प्रत्येक तांब्या तिथेच साचत होता आणि मुळं हवेवाचून गुदमरत होती. गुदमरलेलं मूळ पाणी ओढत नाही, म्हणजे झाड पाण्यात उभं आणि तरी तहानलेलं. मुळं बघायची असतील तर झाड हलकेच कुंडीतून बाहेर सरकवा. पांढरट, घट्ट मुळं असली तर अजून काही बिघडलं नाही. तपकिरी, बोटाने दाबली की साल निघून येणारी असली तर सडायला लागलीयत, ती कात्रीने काढा. मी मुळांचा गोळा दिवसभर जुन्या पेपरांवर ठेवला, पेपर दोनदा बदलले, चारातले दोन झुपके कापून फ्लॉवरपॉटमध्ये लावले (जीवावर आलं, पण बाष्प सोडणारा भार कमी करायचाच होता) आणि कुंडी हलकी होईपर्यंत थेंबभरसुद्धा पाणी दिलं नाही. सहा दिवस लागले. सासूबाई रोज म्हणायच्या, अगं त्याला पाणी तरी घाल.

तर फॉइल पहिल्याच दिवशी काढा. फोटो काढून झाले की लगेच.

तिसरी केस सगळ्यात सोपी आणि तीच सगळ्यात जास्त फसवते. दुपारी दोनला बाल्कनीत झाड लोंबतंय आणि संध्याकाळी सातला आपोआप सरळ झालंय, तर तो नुसता उन्हाचा त्रास आहे. एवढी मोठी पातळ पानं आणि वर एवढा फुलांचा पसारा, भर दुपारी मुळं जेवढं पाणी ओढतात त्यापेक्षा जास्त उडून जातं, संध्याकाळी हिशोब परत जुळतो. अशा वेळी पाणी घातलंत की दुसऱ्या केसकडे चाललात. म्हणून निर्णय नेहमी सकाळी घ्यायचा. सकाळी लोंबलेलं दिसलं तरच कुंडी उचलून बघा. बाकी जागा म्हणाल तर सकाळचं कोवळं ऊन दोन-तीन तास आणि नंतर सावली, एसीच्या झोताखाली नको आणि पंख्याखाली पण नको.

निळं फूल बघून आपल्या मातीचा अंदाज बांधू नका

आता रंगाकडे येते. निळं म्हणजे माती आम्लधर्मी, गुलाबी म्हणजे अल्कधर्मी, हे एव्हाना सगळ्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं, आणि शाळेतला लिटमस आठवला की गोंधळ होतो कारण तिथे बरोब्बर उलटं असतं, आम्लात लाल आणि अल्कात निळा. इथे रंग ठरवतं अॅल्युमिनियम. फुलातलं रंगद्रव्य तेच, त्याला अॅल्युमिनियम मिळालं की निळं, नाही मिळालं की गुलाबी. मातीचा पीएच साडेपाचच्या खाली असेल तर अॅल्युमिनियम पाण्यात विरघळतं आणि मुळांना मिळतं, साडेसहाच्या वर गेला की ते मातीतच अडकून पडतं, आणि मधल्या पट्ट्यात जांभळं, किंवा एकाच झाडावर दोन रंग. म्हणजे आम्लता हे फक्त दार आहे. दार उघडं आणि आत अॅल्युमिनियमच नाही, असंही होतं, नुसत्या कोकोपीटमध्ये पीएच कमी असूनसुद्धा फूल गुलाबी येतं ते यामुळेच.

पांढऱ्या जातींमध्ये हे रंगद्रव्यच नसतं, त्यांना काहीही घाला, निळ्या होणार नाहीत. जुनी झालेली फुलं हिरवट किंवा लालसर होतात तो वयाचा परिणाम, मातीचा नाही. आणि आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो ती खरं तर निदलं आहेत, म्हणून तर झुपका आठवडेच्या आठवडे टिकतो.

गिफ्टच्या झाडाचा रंग म्हणून तुमच्या घरच्या मातीबद्दल काहीच सांगत नाही. तो सांगतो की नर्सरीवाल्याने त्या कुंडीत काय घातलं होतं. उघडलेलं फूल नंतर बदलत पण नाही, बदल दिसतो तो पुढच्या बहराला, आणि आपल्याकडे पुण्यात तो बहुतेक गुलाबीच येतो, मग लोकांना वाटतं दुकानदाराने फसवलं. उटी-मुन्नारला रस्त्याच्या कडेने निळी झुडपं दिसतात कारण डोंगरावरची पावसाने धुतलेली माती आम्लधर्मी. आपल्या कोकणातला, सह्याद्रीच्या माथ्यावरचा जांभासुद्धा त्याच जातकुळीचा, कोल्हापूरकडे त्याच्यातूनच बॉक्साइट काढतात, म्हणजे अॅल्युमिनियमचं खनिजच. देशावरची काळी माती बरोबर उलटी, चुनखडीची, पीएच आठच्या आसपास. घरच्या घरी बघायचं असेल तर कोरड्या मातीवर चमचाभर व्हिनेगर टाका. फेस आला तर चुना आहे, आणि त्या मातीत निळ्याचा नाद सोडा, कितीही आम्ल घातलंत तरी चुना ते खाऊन टाकतो. पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, असं दिसायला लागलं तरी तेच समजा, चुन्यामुळे लोह मिळेनासं झालंय.

आणि माती बदलली तरी पाणी तेच राहतं, हे मला फार उशिरा कळलं. आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी, नळांवर पांढरा थर. बरेच जण आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून झाडांना घालतात, मी पण घालायचे, पण त्यात तर गाळून मागे राहिलेले सगळे क्षार एकवटलेले असतात, म्हणजे आधीच जड पाणी अजून जड करून आपण हायड्रेंजियाला पाजतो. त्याला पावसाचं साठवलेलं पाणी द्या, नाहीतर आरओचं पिण्याचं. एका कुंडीला असं कितीसं लागतं.

फुलं संपल्यावर एप्रिलमध्ये मी झुपक्याच्या लगेच खाली, पहिल्या ठसठशीत डोळ्यांच्या जोडीवर कापलं. पुढच्या बहराच्या कळ्या जुन्या काडीवर पावसाळ्यानंतर धरतात, त्यामुळे दिवाळीत छाटणी केली की वर्षभर नुसती पानं बघत बसायची. मग आठ इंची कुंडी, कोकोपीट आणि पानांचं कुजलेलं खत निम्मं-निम्मं, थोडं परलाइट, बागेतली माती अजिबात नाही. ऑक्टोबरपासून महिन्यातून एकदा, असं तीनदा, फिटकरी दिली, लिटरला चहाचा अर्धा चमचा, सपाट, पूर्ण विरघळवून, आणि आदल्या दिवशी साधं पाणी घालून मग, कारण कोरड्या मुळांवर फिटकरी पडली की मुळं जळतात. जास्त घातली तर लवकर निळं होईल असं काही नाही, मरेल मात्र लवकर. गंजलेले खिळे टाकू नका, त्यातून लोखंड मिळतं आणि आपल्याला हवंय अॅल्युमिनियम. कॉफीचा चोथा वापरून झालेला असतो तो जवळपास न्यूट्रल, त्याने पीएच हलत नाही. आणि फुलं यावीत म्हणून डीएपी किंवा बोनमील घालायची सवय असेल तर इथे हात आवरा, त्यातलं फॉस्फरस अॅल्युमिनियमला धरून ठेवतं आणि तुमची फिटकरी फुकट.

शिवाय याला थंडी लागते, कळ्या नीट धरायला काही आठवडे गारवा हवाच, म्हणून मुंबईत हे झाड परत फुलणं कठीण. आमची बाल्कनी उत्तरेची, डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगल्या गार, तर मार्चमध्ये दोन झुपके आले. मैत्रिणीने आणलं होतं तसे निळे नाही, फिकट जांभळे, आणि त्यातल्या एकाची खालची बाजू स्वच्छ गुलाबी. मे महिन्यात गावाला गेलो होतो तेव्हा शेजारच्या काकूंनी आठवडाभर नळाचंच पाणी घातलं, तरी झाड टिकलं. आता या ऑक्टोबरला फिटकरी परत सुरू करणार आहे.