गरोदर बाईला सर्दी झाली तर ‘सर्दीची गोळी’ मागू नका

नाक चोंदलं असेल तर सलाइनचे थेंब घाला, घसा धरला असेल तर कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा. वाफ नुसत्या पाण्याची घ्या. बऱ्याच जणींचं एवढ्यावर भागतं.

ताप किंवा अंगदुखी असेल तर साधी पॅरासिटामॉल ५०० चालते. सहा-सहा तासांनी एक, दिवसात चारपेक्षा जास्त नाही, आणि गरज संपली की बंद.

आता घोळ कुठं होतो ते सांगतो. परभणी जिल्ह्यात वीस वर्षं मेडिकलवर बसतोय. सुरुवातीला ‘भाऊ, सर्दीची गोळी द्या’ म्हटलं की मीही काही न विचारता देऊन टाकायचो. मग एकदा सातव्या महिन्यातली एक वहिनी दुसरीकडून घेतलेल्या दोन स्ट्रिपा घेऊन आली. एकीत पॅरासिटामॉल ५००, फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन. दुसरीत आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल ३२५. वर घरातली पॅरासिटामॉल ६५० चालूच. तिन्ही गोळ्या दिवसातून तीनदा. बेरीज करा: एका वेळी १४७५, दिवसाचं ४४२५ मिलिग्रॅम. चार हजाराची हद्द ओलांडली, आणि तिला वाटत होतं की तीन वेगळी औषधं चाललीत.

त्याहून वाईट ती आयबुप्रोफेन. पाचव्या महिन्यानंतर या जातीच्या गोळ्यांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होतो, गर्भजल कमी होऊ शकतं. शेवटच्या महिन्यांत तर बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी आकसण्याची भीती असते. डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, निमेसुलाइड ही त्याच घरातली भावंडं. डॉक्टरांनी रोजची छोटी अॅस्पिरिन लिहून दिली असेल तर मात्र ती मनानं सोडू नका, तो वेगळा हिशेब आहे.

फेनिलेफ्रिन रक्तवाहिन्या आकसवतं, म्हणून गरोदरपणात, त्यातही बीपी वाढलेलं असेल तर, नकोच. शिवाय पोटातून घेऊन त्यानं नाक मोकळं होत नाही, हे अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीनं २०२३ साली सांगितलंय. मग कशाला घ्यायचं? शिंका, वाहणारं नाक यांना सेटिरिझिन किंवा क्लोरफेनिरामिन सहसा चालतं, झोप येते एवढंच. पण डॉक्टरांना विचारून, आणि एकटी गोळी, मिश्रण नव्हे.

म्हणून स्ट्रिप उलटा, ‘प्रत्येक गोळीत’ याच्या खालची नावं वाचा. एकापेक्षा जास्त नावं दिसली की परत करा. बारीक अक्षर दिसत नसेल तर दुकानदाराकडून वाचून घ्या, आणि कितवा महिना आहे ते आधी सांगा.

सर्दी विषाणूची असते, अँटिबायोटिकनं जात नाही. उरलेली डॉक्सिसायक्लिन तर अजिबात नको. कोडीनचं खोकल्याचं औषधही नको.

ताप १००.४ च्या वर गेला, धाप लागली किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर मेडिकलवर येऊ नका, थेट दवाखाना गाठा.