फॉरेक्स कार्डाचे स्टेटमेंट वाचताना तीन दर वेगळे ठेवा

सोलापुरातून टॉवेलचे नमुने घेऊन फ्रँकफर्टच्या हाइमटेक्स्टिल प्रदर्शनाला जाणारी मंडळी परतल्यावर फॉरेक्स कार्डाचे स्टेटमेंट माझ्यासमोर ठेवतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, की गूगलवर दिसणारा युरोचा भाव आणि हा हिशेब जुळत का नाही. तो जुळणार नाही. गूगलवरचा भाव हा खरेदी-विक्रीच्या मधला असतो आणि त्या भावाने तुमच्याशी कोणतीही बँक व्यवहार करत नाही.

पहिला दर कार्डात परकीय चलन भरण्याचा, म्हणजे बँकेचा विक्रीदर. समजा १,००० युरो १०२ रुपयांनी भरले. चलनाचे १,०२,००० रुपये झाले, नियमाप्रमाणे त्यावर १८१.८० रुपये जीएसटी लागला आणि १५० रुपये लोडिंग शुल्क त्यावरील जीएसटीसह १७७ झाले. खात्यातून एकूण १,०२,३५८.८० रुपये गेले, म्हणजे युरो तुम्हाला साधारण १०२.३६ रुपयांना पडला. हा आकडा स्टेटमेंटवर छापलेला नसतो. तो काढून बाजूला लिहून ठेवा, शेवटी लागेल.

खर्चाच्या नोंदींमध्ये युरोतला खर्च सरळ असतो. ५० युरोचे बिल असेल तर ५० युरोच वजा होतात आणि तिथे कोणताही दर लागत नाही.

दुसरा दर कार्डातल्या चलनाहून वेगळ्या चलनात खर्च केल्यावर लागतो. खरी गुंतागुंत त्याच ओळीत आहे आणि ती उलगडायला मलाही वेळ लागला होता. फ्रँकफर्टहून कोणी दोन दिवस झुरिकला गेले आणि युरोच्याच कार्डावर ८० स्विस फ्रँक खर्च केले, तर स्टेटमेंटवर एका रकान्यात CHF 80.00 आणि शेजारी EUR 86.52 दिसते. मधला दर बहुधा दिलेला नसतो, म्हणून तो आपणच काढायचा: ८६.५२ ला ८० ने भागले की १.०८१५ येते. आता व्हिसा किंवा मास्टरकार्ड, जे तुमच्या कार्डावर असेल, त्यांच्या संकेतस्थळावरील दर-गणकात त्या तारखेचा दर पाहा. तो १.०५ असेल, तर उरलेला फरक बरोबर ३ टक्के निघतो आणि तोच बँकेचा क्रॉस-करन्सी मार्कअप, म्हणजे चलन बदलून देण्याची जादा आकारणी. ही टक्केवारी शुल्कपत्रकाशी ताडून पाहा. काही बँका मार्कअपवर जीएसटीही लावतात. तारीख मात्र खरेदीची नव्हे, तर व्यवहार प्रत्यक्ष नोंदवला गेला त्या दिवसाची घ्या, कारण दोन-तीन दिवसांत दर हलतो आणि मग बँकेची काही चूक नसताना तक्रार केली जाते.

याच रकान्यात INR दिसले, तर तिथे जास्त बारकाईने पाहा. जर्मनीतल्या दुकानाच्या यंत्राने “रुपयांत की युरोत?” असे विचारले आणि आपल्या ओळखीचे चलन म्हणून रुपये निवडले, की ही नोंद तयार होते. ५० युरोच्या बिलाचे यंत्राने आपल्या दराने ५,३५० रुपये केले. कार्डात रुपये नसल्यामुळे त्या रुपयांचे पुन्हा युरो झाले आणि वर मार्कअप लागला. युरोचा भाव त्या वेळी १०० रुपये धरला तरी ५३.५० युरो आणि त्यावर ३ टक्के, असे सुमारे ५५.१० युरो गेले. “रुपयांत घेतले की हिशेब सोपा राहतो” हा सल्ला साफ चुकीचा आहे. यंत्रावर नेहमी त्या देशाचेच चलन निवडावे. संमती दिलेली असल्यामुळे ही रक्कम परत मिळवणे नंतर फार अवघड जाते.

हॉटेलने अनामत म्हणून रोखलेली रक्कम हा खर्च नव्हे. अंतिम बिल आल्यावर ती सुटते. सुटली नाही तर आधी हॉटेलकडे विचारणा करा.

तिसरा दर परतफेडीचा. परत आल्यावर न वापरलेले परकीय चलन १८० दिवसांत परत करावे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तरी विमानतळावरून थेट शाखेत जाऊ नका. हॉटेल आणि भाड्याच्या गाडीच्या उशिरा येणाऱ्या नोंदी येऊ द्या. परतफेड बँकेच्या त्या दिवशीच्या खरेदीदराने होते, तुम्ही भरलेल्या दराने नाही. २०० युरो उरले आणि दर ९७.५० असेल, तर १९,५०० रुपयांतून किमान ४५ रुपये जीएसटी वजा होऊन १९,४५५ रुपये जमा होतील. परतफेडीचे वेगळे शुल्क असल्यास रक्कम आणखी कमी होईल. हेच २०० युरो तुम्हाला २०,४७२ रुपयांना पडले होते, म्हणजे तोटा १,०१७ रुपयांचा.

हा तोटा बाजारभावामुळे झाला की बँकेच्या दरांतील अंतरामुळे, हे समजण्यासाठी शाखेत त्याच दिवसाचा विक्रीदरही विचारा. तो १०३ असेल, तर भाव चढूनही तुमचे पैसे गेले आहेत आणि कारण खरेदी-विक्रीतले साडेपाच रुपयांचे अंतर आहे. पुढच्या वेळी कार्ड घेताना विक्रीदराबरोबर कार्डाचा खरेदीदरही त्याच दिवशी लेखी मागून घ्या, आणि पैसे एकदम न भरता गरजेप्रमाणे तिथूनच पुन्हा भरा.