फ्रीलान्सरच्या शीटमधली खात्यांची यादी: या चुका टाळा

मार्चअखेरीला फ्रीलान्सर मंडळींच्या ज्या शीट बघायला मिळतात, त्यांतल्या बहुतेक बँकेच्या स्टेटमेंटवरून बनवलेल्या असतात. आलेले पैसे म्हणजे ‘उत्पन्न’, गेलेले पैसे म्हणजे ‘खर्च’, आणि खर्चापुढे सुचेल ते नाव. वर्षभर हे छान चालतं. रिटर्न भरायची वेळ आली की मग उत्पन्नाचा आकडा आयकर खात्याच्या २६एएस या विवरणाशीही जुळत नाही आणि जीएसटीशीही.

पुण्यातली एक ग्राफिक डिझायनर घेऊ. तिची जीएसटी नोंदणी आहे आणि ग्राहक महाराष्ट्रातलीच कंपनी आहे. कामाचे ६०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १०,८००, असं ७०,८०० चं बिल निघालं. कंपनीने ६०,००० वर १० टक्के टीडीएस कापला आणि बँकेत ६४,८०० जमा झाले. शीटमध्ये ‘उत्पन्न ६४,८००’ अशी नोंद पडली.

इथे चुका दोन आहेत आणि त्या उलट दिशेच्या आहेत. सरकारला द्यायचे १०,८०० उत्पन्नात घुसले आणि स्वतःच्या कमाईतले ६,००० बाहेर राहिले. फरक दिसतो तो फक्त ४,८०० चा, त्यामुळे ‘काहीतरी किरकोळ असेल’ म्हणून कोणी खोलात जात नाही. जीएसटी नोंदणी नसलेल्यांची शीट थोडी बरी असते, पण टीडीएसची चूक तिथेही तशीच असते.

यादीत येणी-देणी नसणं

वरच्या घोटाळ्याचं मूळ हे आहे की यादीत फक्त उत्पन्न आणि खर्च आहे. खात्यांचे गट पाच लागतात: मालमत्ता आणि येणी (1000 पासून), देणी (2000), भांडवल (3000), उत्पन्न (4000), खर्च (5000). वरच्या बिलासाठी 1020 बँक, 1200 ग्राहकांकडून येणे, 1310 टीडीएस येणे, 2110 सीजीएसटी देणे, 2120 एसजीएसटी देणे आणि 4010 डिझाइन कामाचं उत्पन्न एवढी खाती पुरतात. ‘नोंदी’ नावाच्या शीटमध्ये A तारीख, B नावे म्हणजे डेबिट खातं, C जमा म्हणजे क्रेडिट खातं, D रक्कम, E पार्टी, F तपशील असे कॉलम ठेवले की पाच ओळींत काम होतं:

```
B     C     D
1200  4010  60000
1200  2110  5400
1200  2120  5400
1020  1200  64800
1310  1200  6000
```

पहिल्या तीन ओळी बिलाच्या तारखेला, शेवटच्या दोन पैसे आल्यावर. आता 1200 शून्य झालं, म्हणजे बिल पूर्ण फिटलं. 4010 मध्ये नेमके ६०,००० आहेत. 1310 ची बेरीज दर तिमाहीनंतर २६एएसशी ताडून पाहा. तिथे कमी दिसली तर ग्राहकाने टीडीएस भरलेला नाही किंवा पॅन चुकीचा टाकला आहे, आणि हे मार्चच्या आधी कळलेलं बरं. बिलाची नोंद पैसे येईपर्यंत थांबवू नका, कारण जीएसटीची जबाबदारी साधारणपणे बिल काढल्यावरच उभी राहते.

माणसागणिक खातं

‘कुरियरवाला’, ‘प्रिंटिंगवाले काका’, ‘मोठा क्लायंट’ अशी खाती यादीत आली की दोन वर्षांत ती शंभरावर जाते. पार्टीचं नाव E कॉलममध्ये. खातं सांगतं पैसा कशाचा, पार्टी सांगते कोणाचा. एका ग्राहकाकडून किती येणं आहे हे 1200 आणि पार्टी, दोन्हींवर फिल्टर लावून मिळतं.

एकट्या माणसाला पंचवीस-तीस खाती भरपूर झाली. टॅलीतले २८ तयार गट जसेच्या तसे उतरवणारेही भेटतात. त्यातले निम्मे कायम रिकामे राहतात.

नावावरून बेरीज करणं

शीटमधला सर्वांत चिवट दोष हाच, आणि मराठीत टाइप करणाऱ्यांना तो जास्त छळतो. ‘सॉफ्टवेअर’ मधला ‘ॉ’ एका कीबोर्डवर एकच अक्षर म्हणून उमटतो, दुसऱ्यावर काना आणि वर चंद्र असा दोन अक्षरांत. डोळ्यांना दोन्ही सारखेच. शीटला ते दोन वेगळे शब्द वाटतात आणि `SUMIF` त्यातला एक गुपचूप सोडून देतं. शेवटी राहिलेली मोकळी जागाही हेच करते. कुठे एरर येत नाही, फक्त खर्च कमी दिसतो.

म्हणून बेरीज कोडवर करा. नाव फक्त वाचण्यापुरतं. ‘खाती’ शीटमध्ये A मध्ये कोड, B मध्ये नाव, आणि शिल्लक C मध्ये:

```
=SUMIF('नोंदी'!B:B,A2,'नोंदी'!D:D)-SUMIF('नोंदी'!C:C,A2,'नोंदी'!D:D)
```

देणी, भांडवल आणि उत्पन्न यांची शिल्लक उणे येईल, ते बरोबरच आहे. ही तुमची तेरीज, म्हणजे ट्रायल बॅलन्स. प्रत्येक ओळीत एकच रक्कम एकीकडे नावे आणि दुसरीकडे जमा पडते, त्यामुळे C ची एकूण बेरीज शून्यच यायला हवी. नाही आली तर जवळपास नेहमीच कारण एक असतं: नोंदीत असा कोड आहे जो यादीत नाही, किंवा एक बाजू रिकामी राहिली आहे. ‘नोंदी’च्या G2 मध्ये हे टाकून शेवटच्या नोंदीपर्यंत खाली ओढा; `TRUE` दिसेल ती ओळ दोषी:

```
=OR(COUNTIF('खाती'!A:A,B2)=0,COUNTIF('खाती'!A:A,C2)=0)
```

मात्र शून्य आलं म्हणजे सगळं बरोबर असं नाही. प्रवासखर्च चुकून टेलिफोनमध्ये गेला तरी शून्यच येतं. त्यासाठी महिन्याकाठी 1020 ची शिल्लक स्टेटमेंटशी जुळवणं आणि खर्चाची खाती एकदा नजरेखालून घालणं, याला पर्याय नाही. कळत नसलेली नोंद ‘किरकोळ’मध्ये ढकलू नका. 1990 उचंत असं खातं ठेवा आणि महिनाअखेर ते रिकामं करा. ‘किरकोळ’ कधीच रिकामं होत नाही, हाच त्याचा त्रास.

यादीतला जुना कोड नव्या कामाला वापरणंही टाळा, नाहीतर मागच्या वर्षाच्या नोंदी नव्या नावाखाली दिसतात. कोड दहाच्या अंतराने ठेवले तर मधे जागा मिळते. नको असलेल्या खात्यापुढे ‘बंद’ लिहा.

घरचा पैसा खर्चात

घरचा किराणा, मुलांची फी, स्वतःला काढलेला ‘पगार’ हे धंद्याचे खर्च नव्हेत. ते 3020 उचल. उलट, धंद्याचं सॉफ्टवेअर घरच्या कार्डवर घेतलं तर खर्च नावे आणि 3010 भांडवल जमा. लॅपटॉपचा हप्ता गेला तर त्यातली मुद्दल कर्जाच्या खात्यात आणि व्याज तेवढं खर्चात, म्हणजे दोन ओळी. लॅपटॉप स्वतः मालमत्तेत बसतो; खर्चात येतो तो फक्त त्याचा घसारा.

याच गटात शेवटची एक चूक नेहमी सापडते: 5000 च्या यादीत ‘आयकर’ नावाचं खातं. मालक एकटाच असेल तर आयकर त्याचा स्वतःचा, धंद्याचा नव्हे. अॅडव्हान्स टॅक्स भरला की 3020 नावे, 1020 जमा. आणि रिटर्नमध्ये टीडीएस वजा झाला की 1310 मध्ये साठलेली रक्कमही 3020 ला नावे टाकून काढायची. परतावा घरच्या खात्यात आला तर आणखी काही लिहायचं नाही. धंद्याच्या बँकेत आला तर 1020 नावे, 3010 जमा. तो ‘इतर उत्पन्न’ म्हणून टाकलेला मात्र हमखास दिसतो.