छोट्या डीलरकडून जुनी गाडी घेताना आधी त्याचा हिशेब मांडा

जुनी गाडी घ्यायची म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यापासून घासाघीस सुरू करा. हा सल्ला निरुपयोगी आहे. पाच-दहा गाड्यांवर धंदा करणाऱ्या डीलरचा नफा गाडी विकताना नाही, तर विकत घेताना ठरलेला असतो. त्याने ती कुठून आणि कोणत्या अंदाजाने घेतली हे कळलं, तर किती कमी होऊ शकतं आणि कशामुळे कमी होतंय, हे दोन्ही कळतं.

१. बाजारभाव काढा. तेच मॉडेल, तेच वर्ष, साधारण तेवढंच रनिंग असलेल्या दहा-बारा जाहिराती बघा आणि मधला भाव धरा.

२. गाडी कुठून आली ते विचारा. थेट विचारा, आणि कागदांवरून पडताळा. छोट्या डीलरकडे गाड्या साधारण चार वाटांनी येतात. नव्या गाड्यांच्या शोरूममध्ये एक्स्चेंजला आलेल्या गाड्यांपैकी जास्त जुन्या किंवा जास्त चाललेल्या गाड्या शोरूम स्वतः न विकता अशा डीलरना देऊन टाकते. काही गाड्या लिलावातून येतात: कंपन्यांच्या ताफ्यातल्या, बँकेने हप्ते थकल्यामुळे जप्त केलेल्या, विमा कंपनीने अपघातानंतर काढून टाकलेल्या. काही थेट मालकाकडून घेतलेल्या असतात. आणि काही डीलरच्या मालकीच्या नसतातच, मालकाने कमिशनवर विकायला ठेवलेल्या असतात.

थेट मालकाकडून घेतलेली, सर्व्हिसची सगळी बिलं सोबत असलेली गाडी मला सगळ्यात बरी वाटते. ताफ्यातली गाडी भरपूर चाललेली असते, पण सर्व्हिस सहसा वेळेवर झालेली असते, त्यामुळे नुसतं रनिंग बघून ती नाकारू नका. जप्त गाडीबाबत सावध राहा: ज्याला हप्ता भरणं जड जात होतं, त्याने तेल वेळेवर बदललं असण्याची शक्यता कमी. विमा कंपनीकडून आलेली अपघाती गाडी मी घेऊ देत नाही, कितीही स्वस्त असली तरी.

३. डीलरचा हिशेब उलटा मांडा. सगळे अडखळतात ते इथे. मीही बराच काळ अडखळायचो, कारण डीलर किती नफा घेतो एवढंच मी शोधत होतो. खरा प्रश्न आहे, दुरुस्तीचा खर्च कोणी सोसला.

डीलर विक्रीच्या किमतीपासून मागे मोजत येतो. समजा, पाच वर्षांची एक छोटी गाडी आहे आणि बाजारभाव १०० धरू. त्याला तिच्यात १० सुटायला हवेत. लिलावाची फी आणि वाहतूक ३. सर्व्हिस, पॉलिश, टायर, आतली साफसफाई ४. गाडी विकेपर्यंत अडकलेल्या पैशांचं व्याज आणि जागेचं भाडं २. म्हणजे लिलावात तो जास्तीत जास्त ८१ ची बोली लावेल. हे आकडे गाडीगणिक बदलतात, स्वस्त गाडीत नफ्याचं प्रमाण जास्त ठेवावं लागतं, पण मांडणी हीच असते.

लिलावात गाडी बहुतेक वेळा नीट चालवून बघता येत नाही. समजा, ८१ ला घेतलेली ही गाडी जागेवर आल्यावर कळलं की क्लच गेलाय, खर्च आणखी ४. आता डीलरपुढे दोन रस्ते आहेत. क्लच बदलला तर १० चे ६ उरतात. नाही बदलला, तर तो १०० सांगून घासाघिशीत ९६ ला खाली येतो. तुम्ही चार कमी केले म्हणून खूश होऊन घरी जाता आणि तेच चार महिन्याभरात मेकॅनिकला देता. पटकन मिळालेली सूट म्हणजे बऱ्याचदा न केलेली दुरुस्ती असते.

म्हणून डीलरला विचारा, ‘गाडी आल्यावर काय काय काम केलं? बिलं दाखवा.’ चांगला डीलर तेल, ब्रेक पॅड, बॅटरी यांची बिलं काढून देतो. ज्याच्याकडे फक्त डेंटिंग-पेंटिंग आणि पॉलिशचा खर्च आहे, त्याने दिसणाऱ्या भागावर पैसे घातलेत, चालणाऱ्या भागावर नाहीत. तिथून मी उठतो.

जाहिरात किती दिवसांपूर्वीची आहे तेही बघा. दोन-तीन महिने उभ्या असलेल्या गाडीवर व्याज चढत असतं. तिथे खरी सूट मिळू शकते, मात्र एवढे दिवस ती कोणी का नेली नाही याचं उत्तर आधी मिळायला हवं.

४. गाडी थंड असताना तपासा. जाण्याआधी सांगून ठेवा की इंजिन सुरू करू नका, आणि पोचल्यावर बॉनेटला हात लावून बघा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन सुरू होतानाचा खडखडाट आणि निळसर धूर गरम इंजिन लपवतं. क्लचसाठी कमी वेगात वरच्या गिअरला एकदम ॲक्सिलरेटर दाबा: इंजिनचा आवाज चढला आणि वेग तसाच राहिला, तर क्लच सरकतोय.

स्वतःचा मेकॅनिक न्या, डीलरच्या ओळखीचा नको. त्याच्याकडे गाडीच्या संगणकात नोंदलेले दोष वाचणारा ओबीडी स्कॅनर हवा, आणि फक्त एरर कोड बघून भागत नाही. डॅशबोर्डवरचा दिवा घालवण्यासाठी कोड पुसले, की गाडीच्या संगणकाच्या स्वतःच्या चाचण्याही ‘अपूर्ण’ दिसायला लागतात. कोड एकही नाही आणि बऱ्याच चाचण्या अपूर्ण, म्हणजे कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढलेली होती. अशी गाडी काही दिवस चालवून पुन्हा स्कॅन होईपर्यंत पैसे देऊ नका.

पुरातली गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा आणि पाण्याची रेघ आहे का बघा, मग सीटच्या रुळांवरचा गंज.

५. भाव सापडलेल्या दोषांवर करा. मेकॅनिकने सांगितलेल्या कामांचा खर्च लिहून काढा आणि तेवढाच मागा. वरच्या गाडीत टायरही संपलेले असतील, तर क्लच आणि टायर मिळून जे होईल ते १०० मधून वजा. याला डीलरकडे उत्तर नसतं. कर्ज त्याच्याचकडून घेतलं तर आणखी कमी करतो म्हणाला, तर एकूण परतफेड मोजा. कर्जावर आणि विम्यावर त्यालाही कमिशन मिळतं, आणि सोडलेली रक्कम तिथून परत येते.

६. कागद आणि पैसे. चासी नंबर गाडीवर स्वतः वाचून कागदाशी जुळवा. जुन्या कर्जाचा बोजा उतरल्याचं लेखी पत्र हवं. कमिशनवरची गाडी असेल तर नोंदणीकृत मालकाशी स्वतः बोला आणि व्यवहारावर त्याची सही घ्या, कारण डीलरने त्याला पैसे दिले नाहीत तर तो तुमच्या दारात येईल. टोकन देताना ‘तपासणीत दोष निघाल्यास पूर्ण परत’ असं पावतीवर लिहून घ्या. पैसे डीलरच्या फर्मच्या खात्यातच भरा, आणि नोंदणी तुमच्या नावावर होईपर्यंत काही रक्कम हातात राखून ठेवायची अट करारात घाला. नावावर करून देतो असं तोंडी सांगून चावी पुढे करणाऱ्याला, ती अट लिहीपर्यंत चावी त्याच्याकडेच ठेवायला सांगा.